बाबांच्या पासपोर्टच्या खालच्या ओळीत शेवटचं अक्षर गायब : परत द्यावा का?

रामबागकर: बाबांचा नवा पासपोर्ट आला. वर नाव पूर्ण आहे, पण पानाच्या तळाशी मशीनसाठी छापलेल्या दोन ओळींपैकी पहिल्या ओळीत ‘पुरुषोत्तमराव’मधला शेवटचा O नाही. दुरुस्तीला द्यायचा का? (इथे देताना नाव बदललंय, अक्षरं तेवढीच आहेत.)

```
P<INDCHANDRATREYA<<LAKSHMIKANT<PURUSHOTTAMRA
```

सराफ्यातली सून: लगेच परत द्या! नाव अर्धवट म्हणजे पासपोर्टच सदोष. शिवाय ओळीच्या शेवटी < ची रांग असते, तीही इथे नाही.

वसंतराव, इंदूर: परत देऊ नका. ओळ 44 अक्षरांची असते. पहिली पाच P<IND मध्ये गेली, उरली 39. आडनावाची 12, मग <<, मग लक्ष्मीकांतची 11 आणि एक <. एवढ्यात 26 घरं संपली. राहिली 13 आणि ‘पुरुषोत्तमराव’ला लागतात 14. म्हणून O गळला. आडनाव आणि नाव यांच्यामध्ये << येतं, नावातल्या मोकळ्या जागी एकच <, आणि जागा उरली तरच शेवटी < ची रांग लागते. नाव कापलेलं असेल तर शेवटच्या घरात अक्षरच ठेवायचं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. इथे A आहे, म्हणजे ओळ नियमाप्रमाणेच आहे.

सराफ्यातली सून: रांगेचं पटलं. पण एखाद्याचं नाव बरोब्बर 39 घरांत बसलं, तरी शेवटी अक्षरच येणार ना? मग कापलंय की नाही, हे अधिकाऱ्याला कसं कळायचं?

वसंतराव, इंदूर: बरोबर बोललात. शेवटचं अक्षर एवढंच सांगतं की नाव कापलेलं असू शकतं. खात्री वरच्या छापील नावावरूनच करायची. दुसऱ्या ओळीतले तपासणीचे अंक पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत तपासतात, नाव नाही. म्हणून O गळल्याने तिथे काही बिघडत नाही.

अनघा: माझं आडनाव जोडरेघेचं आहे. खाली KARANDIKAR<JOSHI<<ANAGHA असं आलंय. रेघेच्या जागी < बघून मला वाटलं, जोशी नावात गेलं! एका लॉजवर फोनने पान स्कॅन केलं, तर रजिस्टरमध्ये ANAGHAKKKK उमटलं.

वसंतराव, इंदूर: जोशी आडनावातच आहे, कारण << त्याच्यानंतर आलंय. आणि ते K म्हणजे चुकीचं वाचलं गेलेलं <. फोटो तिरका किंवा पुसट असला की असं होतं. पान सपाट ठेवून पुन्हा स्कॅन करायला सांगायचं.

सराफ्यातली सून: तरी माझं म्हणणं, पुढच्या वेळी अर्जात ‘राव’ गाळूनच टाका. ओळ आपोआप बसेल.

वसंतराव, इंदूर: मला हे अजिबात मान्य नाही. एका O साठी आधार, पॅन आणि पेन्शनच्या कागदांवर वेगळं नाव होईल. खालची ओळ मशीनसाठी आहे, माणसाचं नाव वर पूर्ण छापलंय.

रामबागकर: परत देत नाही. तिकीट मात्र वरच्या पूर्ण नावाने काढतो. ‘राव’चं बाबाच ठरवतील, सही त्यांचीच असते.