चर्चा: रीस्पेक फुकट हवं का, आणि क्लास बदलता येत नाही तर स्किल ट्री का बदलू द्यायची?

अर्धवट_बिल्ड:
मला एक सांगा, आरपीजीत क्लास निवडणं आणि स्किल ट्री भरणं यात नक्की फरक काय आहे? दोन्हीकडे शेवटी आपलं कॅरेक्टर काय करणार तेच ठरतं ना. आणि रीस्पेक करायचं, म्हणजे टाकलेले पॉइंट परत घ्यायचे तर सोनं नाहीतर कुठलीतरी दुर्मिळ वस्तू का मागतात? माझं मत सरळ आहे, रीस्पेक फुकट पाहिजे, कधीही आणि कितीही वेळा.

जुनी_सॉर्सरेस:
अजिबात नको. डायब्लो २ २००० साली आलं तेव्हा रीस्पेक नावाची गोष्टच नव्हती. लेव्हलमागे एक पॉइंट, ९९ लेव्हलपर्यंत ९८, क्वेस्टचे १२, म्हणजे अख्ख्या आयुष्यात ११०, आणि एका स्किलमध्ये आपले जास्तीत जास्त २०. म्हणजे पाच स्किल भरली की संपलं. त्यामुळे प्रत्येक पॉइंट टाकताना हात थांबायचा आणि दोन सॉर्सरेस एकमेकींसारख्या नसायच्या. आता फुकट मिळायला लागलं की सगळे गाईड उघडतात, तेच बिल्ड मारतात, कंटाळा आला की दुसरं.

अर्धवट_बिल्ड:
हात थांबायचा म्हणजे काय व्हायचं तेही सांगा ना. सॉर्सरेसचं ब्लिझार्ड स्किल उघडतं लेव्हल २४ ला, फ्रोझन ऑर्ब ३० ला. तोवर लोक पॉइंट टाकायचेच नाहीत, साठवून ठेवायचे, आणि गेमचा सुरवातीचा मोठा भाग एक-दोन फालतू स्किलवर रेटायचे. समोर ट्री आहे, पॉइंट हातात आहेत आणि टाकायला भीती वाटतेय, याला तुम्ही डिझाईन म्हणता?

जुनी_सॉर्सरेस:
भीती नाही, नियोजन. असो.

निखारा:
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे पण त्या गेममध्ये खरा घोळ २००३ ला झाला तो तुम्ही दोघंही सोडताय. १.१० पॅच आला आणि त्यात सिनर्जी आल्या, म्हणजे एका स्किलमध्ये टाकलेले पॉइंट दुसऱ्याचं डॅमेज वाढवायला लागले. ब्लिझार्डला आइस बोल्ट, आइस ब्लास्ट आणि ग्लेशियल स्पाइक या तिघांकडून प्रत्येक पॉइंटला ५ टक्के मिळायला लागले. त्याआधी आइस बोल्टमध्ये शहाणा माणूस पुढची स्किल उघडण्यापुरता एक पॉइंट टाकून सोडून द्यायचा. मग एका रात्रीत हिशोब उलटा झाला, तीन सिनर्जी आणि ब्लिझार्ड मिळून ८० पॉइंट तिकडेच हवे, आणि जुनी कॅरेक्टर्स ज्यांचे पॉइंट आधीच इकडेतिकडे पसरले होते ती तशीच अडकली कारण परत घ्यायची सोयच नव्हती. आता हे प्लेयरचं नियोजन चुकलं असं कसं म्हणणार, नियमच नंतर बदलले. रीस्पेक आलं १.१३ मध्ये, २०१० ला. मधली सात वर्षं एकच उपाय, नवीन कॅरेक्टर काढा.

म्हणून माझं म्हणणं असंय की ज्या गेममध्ये डेव्हलपर बॅलन्स पॅच काढत राहतो तिथे रीस्पेक ही मेहरबानी नाही, ती त्याची जबाबदारी आहे. एकदाच विकून सोडून दिलेल्या सिंगल प्लेयर गेमला हा मुद्दा लागू नाही, तिथे तुम्ही भांडत बसा.

जुनी_सॉर्सरेस:
१.१० चं मान्य, माझीही एक सॉर्सरेस त्यात गेलीय. पण १.१३ नंतर काय झालं तेही लिहा. पहिल्या गावातल्या अकाराकडे पहिली क्वेस्ट केली की एक रीसेट फुकट, प्रत्येक डिफिकल्टीला एक म्हणजे तीन. त्यापुढे टोकन, त्यासाठी हेल डिफिकल्टीतल्या मोठ्या बॉसकडून चार वेगवेगळे इसेन्स गोळा करून क्यूबमध्ये घालायचे. मग सगळ्यांनी शोधून काढलं की आधी आगीवर किंवा विजेवर खेळायचं, चोवीसच्या पुढे गेलं की रीसेट मारायचा आणि ब्लिझार्ड घ्यायचं. म्हणजे ब्लिझार्डवाली सॉर्सरेस लहानपणी बर्फवाली नसतेच! ट्री वरून खाली हळूहळू वाढते ही कल्पनाच गेली.

ओकसामोकसा:
मुळात प्रश्न वेगळा होता. क्लास म्हणजे आयतं बांधलेलं पॅकेज आणि ट्री म्हणजे आपण स्वतः निवडतो ते. त्यामुळे क्लासवाल्या गेममध्ये रीस्पेक करण्यासारखं काही नसतंच आणि ट्रीवाल्यात क्लासची गरज नसते. सिम्पल.

निखारा:
इतकं सिम्पल नाहीये. पहिलं वाक्य ठीक आहे, दुसरं नाही. डायब्लो २ मध्ये क्लास आहे आणि त्याच्या पोटात तीन ट्री आहेत. कितीही रीसेट मारा, सॉर्सरेस ही सॉर्सरेसच राहते, बार्बेरियनची ट्री तिला कधी दिसणारसुद्धा नाही. पाथ ऑफ एक्झाईलमध्ये नेमकं उलटं, सात क्लास आहेत पण पॅसिव्ह ट्री सगळ्यांना एकच, हजाराच्या वर नोड असलेली. क्लास फक्त सांगतो की या नकाशावर तुम्ही कुठल्या कोपऱ्यातून निघणार, वर एक असेंडन्सी, म्हणजे वेगळी छोटी ट्री देतो. मरॉडर ताकदीच्या बाजूला, विच बुद्धीच्या बाजूला, पण मरॉडरनी ठरवलं तर चालत चालत विचच्या भागात जाता येतं, फक्त मधल्या नोडवर पॉइंट खर्च होतात.

आणि तिथे रीस्पेकची किंमत म्हणजे नुसते ऑर्ब नाहीत, वाट आहे. एक ऑर्ब ऑफ रिग्रेट म्हणजे एक नोड परत. पण मधला नोड काढता येत नाही, काढल्यामुळे पुढचे नोड तुटणार असतील तर गेम काढूच देत नाही, टोकाकडून सोलत यायचं. समजा एका क्लस्टरला जायला ५ नोडची वाट घेतली आणि तिथे ४ घेतले. आता शेजारचा क्लस्टर हवाय ज्याची वाट पहिल्या ३ नोडनंतर फुटते. तर ९ काढायची गरज नाही, ४ आणि वाटेतले शेवटचे २, एवढे ६ काढले की झालं. सहा ऑर्ब गेले, सहा पॉइंट सुटले. पण नवीन बाजूला ३ वाटेचे आणि ४ क्लस्टरचे असे ७ लागत असतील तर एक पॉइंट कमी पडतो आणि पुढच्या लेव्हलपर्यंत अर्धवट क्लस्टर घेऊन फिरा. आणि जुन्या क्लस्टरमधूनच पुढे आणखी काही जोडलेलं असेल तर आधी त्याला दुसऱ्या बाजूनी वाट जोडायची, मग जुनी काढायची. लोक हे न बघता ऑर्ब हातात घेऊन बसतात आणि मग म्हणतात क्लिक होत नाही, बग आहे.

टांगलेला_टॅंक:
मला पण असाच प्रॉब्लेम आलाय. एल्डन रिंगमध्ये व्हॅगाबाँड घेतला होता, आता मेज म्हणजे जादूगार व्हायचंय. रेनालाकडे लार्व्हल टिअर देऊन रीस्पेक केलं तर माझा क्लास अॅस्ट्रॉलॉजर होईल ना? आणि लेव्हल १ पासून परत चढावं लागेल का? टिअर मोजकेच आहेत म्हणून विचारतोय.

अर्धवट_बिल्ड:
धागा मेजचा नाहीये पण बघा, "मोजकेच आहेत म्हणून" हा माणूस नवीन काही करून बघायलाच घाबरतोय. हेच मी म्हणतोय.

निखारा:
@टांगलेला_टॅंक लेव्हल जात नाही, मिळवलेले सगळे पॉइंट हातात परत येतात, पुन्हा वाटायचे. क्लास मात्र बदलत नाही. व्हॅगाबाँड सुरू होतो तिथल्या आकड्यांच्या खाली उतरता येत नाही. व्हिगर १५, स्ट्रेंथ १४, डेक्स्टेरिटी १३ हे तुझे कायमचे, इंटेलिजन्स मात्र ९. अॅस्ट्रॉलॉजरला इंटेलिजन्स १६ आणि स्ट्रेंथ फक्त ८. एकाच लेव्हलला दोघांच्या सगळ्या पॉइंटची बेरीज सारखीच येते, त्यामुळे तुझं नुकसान एवढंच की मेजला नको असलेली जी ताकद आहे ती परत मिळत नाही, साधारण सहा पॉइंट. व्हिगर तर कसाही वाढवणारच आहेस. आणि मूनवेल तलवार वापरणार असशील तर तिला स्ट्रेंथ १२ लागतेच, मग वाया गेलेले फक्त दोन. बिनधास्त कर.

हे उदाहरण ओकसामोकसासाठी पण आहे बरं का. इथे क्लासला ना स्किल आहे ना ट्री, नुसते सुरवातीचे आकडे आहेत, तरीही रीस्पेकनंतर तेवढाच भाग हलत नाही.

ओकसामोकसा:
ओके पण मग बाल्डर्स गेट ३? तिथे विदर्सला १०० सोनं दिलं की क्लासच बदलतो. फायटरचा विझर्ड होतो. म्हणजे क्लास पण रीस्पेक होतो, मग तुमचा "हलत नाही" वाला सिद्धांत?

निखारा:
सिद्धांत नाहीये माझा काही. तिथे मुद्दाम हलवू देतात, वंश आणि ओरिजिन मात्र तसंच राहतं. पण गंमत बघा, विदर्स तुम्हाला लेव्हल १ वर आणतो आणि परत एकेक लेव्हल निवडायला लावतो, एक्सपी तोच. तिथे क्रमाला किंमत आहे. फायटर १ आणि विझर्ड ११ असं दोघांनी केलं, पण एकानी आधी फायटर घेतला आणि दुसऱ्यानी आधी विझर्ड, तर शीटवर दोन्ही सारखे दिसतात. पहिल्याला हेवी आर्मर आणि कॉन्स्टिट्यूशन सेव्हिंग थ्रो मिळतो, दुसऱ्याला दोन्ही नाही, कारण ते फक्त सुरवातीच्या क्लासकडून मिळतं. आणि फटका बसल्यावर कॉन्सन्ट्रेशन टिकतं की नाही ते कॉन्स्टिट्यूशनवरच ठरतं, बाराव्या लेव्हलला हा फरक सरळ +४ चा आहे. मार बसला की हेस्ट सारखं सारखं तुटतंय असं वाटलं तर आधी क्रम तपासा. ट्रीमध्ये तुम्ही आधी डावी फांदी घेतली की उजवी यानी शेवटी काही फरक पडत नाही, इथे पडतो. मला विचाराल तर दोन पद्धतींमधला सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

अर्धवट_बिल्ड:
हे माहीत नव्हतं. पण १०० सोनं म्हणजे जवळजवळ फुकटच की, आणि त्या गेमचं काही बिघडलं नाही. लोक उलट विचित्र मल्टिक्लास करून बघतात. जुनी_सॉर्सरेस, यावर काय?

जुनी_सॉर्सरेस:
एकट्यानी किंवा मित्रांबरोबर खेळायचा गेम आहे तो, तिथे कुणाचं काय बिघडणार. जिथे लॅडर आहे, ट्रेडिंग आहे, तिथे फुकट केलं तर तासाला बिल्ड बदलून ज्या बॉसला जे चालतं ते लावतील. थोडा खर्च पाहिजेच. किती ते भांडा.

निखारा:
खर्चाला माझा विरोध नाही. पहिले काही स्वस्त आणि शेवटचे महाग असं हवं, म्हणजे नवीन माणूस मारला जात नाही. पाथ ऑफ एक्झाईल क्वेस्टमधून थोडे रिफंड पॉइंट देतं ते मला पटतं, पण शंभर नोडचं बिल्ड मुळापासून बदलायचं म्हटलं तर नवीन कॅरेक्टर स्वस्त पडतं हे पण तितकंच खरं.

टांगलेला_टॅंक:
केलं रीस्पेक. इंटेलिजन्स वाढला पण जुनं चिलखत घालून आता लोळताच येत नाहीये 😭 एन्ड्युरन्स ११ वर आलं ना परत. काय काढू, हेल्मेट की छातीचं?