‘कित्येक दिवस’ म्हणजे नक्की किती दिवस?

मृदुला: नैराश्य तपासायच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीचं मराठी करतेय. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला, असं विचारायचं आणि उत्तराचे चार पर्याय आहेत. पहिला ‘अजिबात नाही’, तिसरा ‘निम्म्याहून जास्त दिवस’, चौथा ‘जवळजवळ रोज’. दुसरा आहे ‘सेव्हरल डेज’, त्याला मी ‘कित्येक दिवस’ लिहिलं. मूळ न पाहिलेल्या बाईंनी ते परत इंग्रजीत केलं, तर हुबेहूब ‘सेव्हरल डेज’ आलं. सगळे खूश. मग गावात एका आजींना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “कित्येक म्हंजे लई दिवस की!” आता काय लिहू?

श्रीपाद: शब्द बरोबर आहे. किती अधिक एक, कित्येक. ‘कित्येकांचे मत असे आहे’ म्हणताना बहुमत अभिप्रेत नसतं. लोकांनी वापर सैल केला म्हणून आपण का बदलायचं?

नीता: चार दिवसांनी भेटलेल्याला ‘कित्येक दिवसांत दिसला नाहीस’ असं कोणी म्हणतं का? आजींचंच बरोबर.

सुहास: मी अशा सर्वेक्षणांत बरीच वर्षं आहे. उलट भाषांतर करणारा कोशातली जोडी ओळखतो आणि मूळ शब्द अचूक परत आणतो. म्हणून ते जुळलं एवढ्यावर विसंबू नका. इथे गुण ०, १, २, ३ असे चढत जातात. तीन रात्री झोप न लागलेल्या बाईला ‘कित्येक’ फार वाटलं, तर ती ‘अजिबात नाही’ म्हणेल आणि तिचा एक गुण जाईल. नऊ प्रश्नांत असं होत गेलं, तर जिची बेरीज १० होऊन पुढची विचारपूस व्हायला हवी ती ७-८ वरच राहील. आजींपुढे १४ चिंचोके ठेवा आणि प्रत्येक पर्यायाला किती, ते वेगळे काढायला सांगा. ‘कित्येक’चा ढीग ‘निम्म्याहून जास्त’पेक्षा मोठा झाला की शब्द बाद.

नीता: मग ‘दोन-चार दिवस’ लिहा ना. सगळ्यांना कळतं.

सुहास: कळतं, पण पाच-सहा दिवस त्रास झालेल्याने कुठे जायचं? मी ‘काही दिवस’ घेईन, पण चिंचोके मांडल्यावरच. उलट भाषांतरात ते ‘सम डेज’ येईल आणि कोणीतरी लाल खूण करेल. ती खूण म्हणजे चूक नव्हे. तिथे बसून बोलायचं असतं.

अनघा: आमच्याकडे ‘गेल्या दोन आठवड्यांत’ला मी ‘गेल्या पंधरा दिवसांत’ लिहिलं होतं. परत आलं ‘फिफ्टीन डेज’. वरिष्ठ म्हणाले, एक दिवस वाढला. आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतोच की! शेवटी ‘दोन आठवडे’ लिहिलं, आणि गावात प्रत्येक ताईला ‘म्हणजे पंधरा दिवस’ असं तोंडाने सांगावं लागलं.

श्रीपाद: ‘पंधरवडा’ हा नेमका शब्द असताना?

नीता: पंधरवडा म्हटलं की आमच्याकडे पितृपक्ष.

मृदुला: चिंचोके उद्या नेते. पण मला ‘काही दिवस’चीही धास्ती आहे. आजी ‘काही नाही’ म्हणतात तेव्हाचाच तो ‘काही’ ना?