काम झाल्यावर "थोडं कमी करा" म्हणणाऱ्यांना तुम्ही काय उत्तर लिहिता? (अनुभव धागा)

शब्दवेडी

मी इंग्रजीतून मराठीत तांत्रिक भाषांतरं करते. काम सुरू होण्याआधीची घासाघीस मला खटकत नाही, तो दोघांचाही हक्क आहे. पण फाइल हातात पडल्यावर, वापरायला घेतल्यावर जी सूट मागितली जाते तिला उत्तर देणं अवघड असतं. चिडून लिहिलं तर माणूस तुटतो आणि मऊ लिहिलं तर पैसे जातात. अशा वेळी तुम्ही नेमकं काय लिहिलंत, मसुद्यातलं काय खोडलंत, ते इथे सांगा. सुरुवात मीच करते.

एका कारखान्याची सुरक्षा-पुस्तिका होती. मूळ इंग्रजी मजकूर १८,४०० शब्द, दर शब्दाला २.५० रुपये, म्हणजे ४६,००० रुपये. कोटेशन मेलवर मंजूर झालं होतं. काम दिल्यावर हा मेल आला:

"मॅडम, काम छान झालंय. फक्त मॅनेजमेंटला रक्कम जरा जास्त वाटते. ३८ हजारांत फायनल करूया का? पुढे अजून दोन मॅन्युअल आहेत, तीही तुम्हालाच देऊ."

माझा पहिला मसुदा असा होता:

"नमस्कार सर, आपली अडचण समजते, पण या कामाला खरंच खूप वेळ लागला. काही शब्दांसाठी इंजिनिअरांशी बोलावं लागलं, रविवारीही बसले. माझा दर बाजारापेक्षा आधीच कमी आहे. त्यामुळे रक्कम कमी करणं मला जरा अवघड जाईल. कृपया समजून घ्यावे."

पाठवण्याआधी एक एक वाक्य त्यांच्या खुर्चीत बसून वाचलं. "खूप वेळ लागला" हे आधी काढलं. दर शब्दाचा ठरला होता, तासांचा नाही. वेळेची गोष्ट आपण काढली की "एवढा वेळ का लागला?" हा प्रश्न येणारच. "बाजारापेक्षा कमी" म्हणजे बाजारात चौकशी करा असं आपणच सुचवणं, तेही गेलं. सगळ्यात घातक होतं "जरा अवघड जाईल". मला वाटत होतं की मी नाही म्हणतेय, पण वाचणाऱ्याला ते "अजून थोडं ताणा, ४० वर येतील" असंच ऐकू येतं. आणि एवढ्या मजकुरात ४६ हजार हा आकडा कुठेच नव्हता! त्यांच्या मेलमध्ये ३८ होता, म्हणजे बोलणं पुढे ३८ वरूनच सुरू झालं असतं.

शेवटी पाठवला तो असा:

"नमस्कार सर, काम पसंत पडलं हे वाचून आनंद झाला. आपण ४ तारखेच्या मेलवर मंजूर केलेल्या कोटेशनप्रमाणे १८,४०० शब्दांचे २.५० रुपये दराने ४६,००० रुपये होतात. काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झालं आहे, त्यामुळे बिलाची रक्कम तीच राहील. एकदम देणं सोयीचं नसेल, तर निम्मी रक्कम या महिन्यात आणि निम्मी पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत दिलीत तरी चालेल. नवीन दोन मॅन्युअलच्या फाइली पाठवा, त्यांचं कोटेशन वेगळं देते. बजेट आधीच सांगितलंत तर त्यात काय काय बसेल ते बघता येईल. या बिलासाठी कोणती सोय बरी पडेल तेवढं कळवावं."

यात "सॉरी" नाही, "पण" नाही, "शक्यतो" नाही. सवलत आहे ती मुदतीत, रकमेत नाही. पुढच्या कामाचं आमिष मी नाकारलं नाही, फक्त या बिलापासून सोडवून वेगळं ठेवलं. आणि शेवटचा प्रश्न "देणार का?" असा न विचारता "कसं देणार?" असा विचारला. दोन हप्त्यांत पूर्ण रक्कम आली.

रंधा

ताई, तुमचं सगळं मेलवर चालतं. आमचं फर्निचरचं काम. गिऱ्हाईक नव्या किचनमध्ये उभं राहून, चहाचा कप हातात देऊन म्हणतं, "दादा, राऊंड फिगर करा ना." तिथे मेल कुठला लिहिणार?

मी जागेवर हो किंवा नाही म्हणतच नाही. "संध्याकाळी मापं टाकून हिशेब पाठवतो, तो बघा" म्हणतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मेजरमेंट शीटचा फोटो, त्यावर त्यांची सही, आणि खाली दोन ओळी: "साहेब, सहीप्रमाणे १४२ स्क्वेअर फूट, दर ठरलेला १,४५०, एकूण २,०५,९००. ॲडव्हान्स १,२०,००० वजा जाता बाकी ८५,९००." सूट हा शब्द मी लिहितच नाही. त्यांनी तोंडी मागितली, मी लेखी हिशेब दिला. निम्मे लोक तिथेच गप्प होतात.

उरलेल्यांना वरचे ९०० सोडतो, ते खरं सांगतो. पण लिहितो, "९०० राऊंड केले, बाकी ८५,०००". आकडा मीच ठरवला हे दिसायला हवं.

शब्दवेडी

रंधा, हे ९०० आधीच कोटेशनमध्ये धरलेले असतात का?

रंधा

धरावेच लागतात. न मागणाऱ्यालाही शेवटी सोडतो, म्हणजे अन्याय होत नाही.

नवा गडी

मी वेबसाइटी बनवतो. माझ्याही बाबतीत असंच झालं. ८०,००० चं बिल दिलं, खात्यात ७२,००० आले. न विचारता परस्पर दहा टक्के कापले! मी कडक मेल लिहून ठेवलाय, "ठरलेली रक्कम पूर्ण द्यावी लागेल" असा. पाठवू का?

ताळेबंद

नका पाठवू, थांबा. बरोबर दहा टक्के कमी आलेत म्हणजे तो बहुतेक टीडीएस आहे. ती सूट नाही, तुमच्याच नावाने भरलेला आयकर आहे. आयकराच्या पोर्टलवर 26AS मध्ये नोंद दिसते, पण कंपनी तिमाहीचं विवरण भरेपर्यंत वाट पाहावी लागते. आत्ता एवढंच लिहा: "७२,००० मिळाले, आभार. ८,००० टीडीएस कापला असल्यास तसं कळवावं आणि प्रमाणपत्र पाठवावं." टीडीएस नसेल तर उत्तरात कळेलच, मग वरच्यासारखं पत्र लिहा.

नवा गडी

बापरे. बरं झालं इथे विचारलं.

कायद्याने चला

एवढं गोड बोलायची गरजच काय? लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करा आणि पहिल्याच उत्तरात नोंदणी क्रमांक टाका. ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर तिप्पट व्याज लागतं, सरळ लिहायचं. सूटबिट सगळं विसरतात.

ताळेबंद

यातलं अर्धं बरोबर आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, पण तीही ४५ दिवसांपलीकडे नाही. करार नसेल तर १५ दिवसच. व्याज "तिप्पट" म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ. आणि उद्यम नोंदणी काम घेण्याआधीची हवी, मागाहून केली तर वाद होतात.

पण मूळ मुद्दा वेगळाच आहे. हा कायदा उशिरा दिलेल्या पैशांसाठी आहे. शब्दवेडींच्या गिऱ्हाइकाने उशीर केलेलाच नाही, त्याने नुसतं विचारलंय. विचारणाऱ्याला व्याजाची धमकी दिली तर तो तुमचा मेल त्यांच्या वकिलाकडे पाठवेल आणि पैसे तिथेच अडकतील.

त्या कायद्यातली दुसरी गोष्ट इथे जास्त कामाची आहे. काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरतात. इथे तर त्यांनी स्वतःच "काम छान झालंय" लिहिलंय. म्हणून "पसंत पडलं हे वाचून आनंद झाला" हे वाक्य नुसतं गोड नाही, त्याने ती पावती पक्की होते. तो मेल जपून ठेवा. फोनवर कौतुक केलं असेल तर "आज फोनवर म्हणालात त्याप्रमाणे" असं लिहून त्याच दिवशी मेल करा.

जीएसटीवाल्यांसाठी एक: बिल निघाल्यावर रक्कम कमी केली तर जुनं बिल फाडून नवं देता येत नाही. कमी केलेल्या रकमेची क्रेडिट नोट काढावी लागते आणि समोरच्यालाही त्या बिलावर घेतलेलं कराचं क्रेडिट तेवढं उलटवावं लागतं. अकाउंट्सवाल्यांना ही झंझट नको असते. "रक्कम बदलल्यास क्रेडिट नोट काढावी लागेल" एवढं शांतपणे लिहिलं तरी पुष्कळदा आग्रह संपतो.

फोकस

लग्नाचे फोटो काढते. शब्दवेडी, तुमच्या उत्तरात मला एक गोष्ट कमी वाटते. सूट मागणाऱ्यांतल्या काहींची खरी तक्रार असते, ती बोलायला जड जाते म्हणून ते पैशांवरून सुरू करतात. एका नवरीने "थोडं कमी करा ना ताई" म्हटलं, तेव्हा मी विचारलं, "कामात काही राहिलंय का? असेल तर आधी ते पूर्ण करते." तर कळलं, अल्बममध्ये तिच्या आजीचा एकही फोटो नव्हता. रॉ फाइलींमध्ये सात निघाले. एक पान बदललं आणि बिल पूर्ण मिळालं. मी पाच हजार सोडले असते तरी ती नाराजच राहिली असती.

रंधा

आमच्यात हा प्रश्न विचारला तर संपलंच. "हो ना, हा ड्रॉवर जरा कडक लागतो, ते हँडल वाकडं दिसतं" अशी यादी येईल. मी नाही विचारणार.

फोकस

पण ड्रॉवर खरंच कडक लागत असेल तर?

शब्दवेडी

मी यावर विचार करतेय. "छान झालंय" लिहून मिळालं असेल तर विचारू नये, आणि कामाबद्दल एक शब्दही न बोलता थेट पैशांवर आले असतील तर विचारावं, असं सध्या वाटतंय. पण खात्री नाही.

सुईदोरा

माझी गिऱ्हाइकं सोसायटीतलीच. "अगं, तुझ्या आईला मी लहानपणापासून ओळखते, ब्लाउजचे सहाशे काय घेतेस" म्हणणाऱ्या काकूंना कोटेशन कसं दाखवू? मी लिहिते, "काकू, शिलाई सहाशेच, अस्तर आणि हुकांसकट. पुढच्या वेळी साधा ब्लाउज असेल तर साडेचारशेत शिवून देईन." काकू दोन दिवस बोलत नाहीत, मग पैसे मुलाच्या हाती पाठवतात. त्यांच्या नातीचं लग्न मार्चमध्ये आहे, ऑर्डर माझ्याकडेच येईल का ते सांगता येत नाही.

ताळेबंद

"पुढच्या वेळी साधा ब्लाउज साडेचारशेत" हे उत्तम आहे. दर कमी केला नाही, कामच कमी केलं. शब्दवेडी, तुमच्या दोन मॅन्युअलना हेच लावा. चित्रांखालच्या ओळी वगळून किती होतील, दुसरं प्रूफ वगळून किती होतील, असं वेगवेगळं लिहून द्या.

शब्दवेडी

देते. आणि शब्दमोजणी मूळ इंग्रजीचीच धरणार हेही यावेळी ठळक लिहिणार. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच जोडले जातात, म्हणून तोच मजकूर मोजायला कमी शब्दांचा भरतो. एका जुन्या गिऱ्हाइकाने मराठी फाइल मोजून "शब्द कमी आहेत, बिल कमी करा" म्हटलं होतं. त्याला काय लिहिलं ते उद्या टाकते, शोधावं लागेल.