भिंत माणसावर का चढते

> आयसोमेट्रिक गेम करतोय, टाइल 64×32 आहे. क्लिक अर्धी टाइल बाजूला लागतो. शिवाय माणूस भिंतीपुढे असला तरी भिंत त्याच्यावर चढते. सॉर्ट x+y वरच आहे.

क्लिकचं कारण बहुधा चित्र ठेवण्याच्या जागेत आहे.

```
sx = (x - y) * 32
sy = (x + y) * 16
x = floor(sx/64 + sy/32)
y = floor(sy/32 - sx/64)
```

पहिल्या दोन ओळींतले sx, sy म्हणजे टाइलचं वरचं टोक, शेवटच्या दोन ओळींत माउसची जागा. चित्र मात्र डाव्या कोपऱ्यापासून काढलं जातं, म्हणून ते `sx - 32` वर ठेवा. कॅमेरा सरकला असेल तर तेवढं अंतर आधी माउसमधून वजा करा. आणि `floor` च वापरा. `int` -0.4 चा 0 करतो आणि नकाशाच्या कडेबाहेरचा क्लिक आतल्या टाइलला लागतो. माझी यात एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

आता भिंत. समजा ती x=2 वर, y=1 ते 5 पसरली आहे. तिची खोली, म्हणजे सॉर्टमधला x+y, (2,5) वरून धरली तर 7 येते. (3,1) वरचा माणूस पुढे आहे, पण त्याची 4, म्हणून भिंत नंतर काढली जाते आणि त्याच्यावर येते. (2,1) वरून 3 धरली, तर (1,4) वरचा मागचा माणूस 5 मुळे भिंतीपुढे दिसतो. एका आकड्यात हे बसतच नाही.

सोपा उपाय म्हणजे भिंतीचं चित्र टाइलगणिक पाच उभ्या पट्ट्यांत कापा आणि प्रत्येक पट्टीला तिचा स्वतःचा x+y द्या. बेरीज सारखी असलेल्या टाइली शेजारी-शेजारी येतात, एकमेकींवर नाही, त्यामुळे तिथे क्रम कुठलाही चालतो.