टीम स्लाइडवर लोगो चिकटवायचे की केलेलं काम लिहायचं?

स्टार्टअप_शिलेदार
नवख्यांनो, लिहून घ्या. पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदाराला दाखवायचं सादरीकरण, त्यातली टीम स्लाइड म्हणजे फोटो आणि लोगो. आयआयटी, आयआयएम, मोठी कंपनी, बस. बायो लिहीत बसू नका, फंडवाले वाचत नाहीत. लोगो नसतील तर स्लाइड शेवटी ढकला आणि दोन वजनदार सल्लागारांचे फोटो टाका. पटत नसेल त्याने बोलावं.

चाळणीवाला
बोलतो. नव्या कंपन्यांत सुरुवातीला पैसा घालणाऱ्या मुंबईच्या एका सीड फंडात डेक चाळायचं काम मी केलंय आणि असल्या सल्ल्यातून जन्मलेल्या स्लाइडींचा मला वीट आलाय. लांबलचक परिच्छेद कोणी वाचत नाही, कबूल. पण दोन-तीन ओळी वाचतो, आणि त्यात एकच गोष्ट शोधतो: हा धंदा याच माणसाच्या हातून का होईल?

नाशिककडच्या एकाचं सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील फिरवलेत. धंदा म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांची पेटी बागेपर्यंत मागे शोधता येईल असं सॉफ्टवेअर. बायो असा: "शेतीविषयी तळमळ असलेला दूरदृष्टीचा उद्योजक, एमबीए, कृषी-निर्यातीचा दीर्घ अनुभव." शेजारी एका बड्या कंपनीचा लोगो, जिथे हा जेमतेम एक उन्हाळा प्रशिक्षणार्थी होता. फोनवर सहज विचारलं तर कळलं, गडी २०१०च्या हंगामात पॅकहाउसला दर्जा तपासणीवर होता. सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्याने आपली द्राक्षं युरोपात अडकली ते साल. कुठल्या बागेचा माल कुठल्या पेटीत गेला हे तो तेव्हा रात्र रात्र वह्यांमधून शोधत होता. धंद्याचं मूळच ते, आणि डेकमध्ये त्याचा पत्ता नाही!

नवा बायो असा झाला: "निर्यातदाराकडे दर्जा विभागात ८ हंगाम. २०१०मध्ये अडकलेल्या मालाचा माग बागेपर्यंत काढला. शेवटचे ३ हंगाम युरोपला जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरच्या दर्जाची जबाबदारी." सहसंस्थापिकेची एक ओळ, की शीतगृहांच्या तापमान-नोंदीची यंत्रणा तिने उभी केली आणि पूर्णवेळ इथेच आहे. खाली सरळ लिहिलं, "विक्री सांभाळणारं कोणी नाही, पैसे आल्यावर पहिली नेमणूक तीच." यावर तो बराच अडून बसला होता. पण अशी फट आम्हाला दिसतेच. त्याने आपण होऊन दाखवली, तर याला स्वतःच्या कंपनीत काय कमी आहे ते कळतं एवढं तरी समजतं.

एक वाक्य मात्र मी काढायला लावलं: "नोकरीत असताना बनवलेलं ॲप आता मोठं करतोय." फुशारकीने लिहिलेलं. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्याने नोकरी देणाऱ्याचा. आमचा वकील तिथेच बोट ठेवणार. जुन्या शेठने हक्क लेखी सोडून दिले, तेव्हा ते वाक्य परत आलं.

व्हॅल्युएशनभाऊ
गोष्ट छान. पण मैदानात लोगोच चालतो. फ्लिपकार्टचे दोघेही आयआयटी दिल्ली, दोघेही ॲमेझॉनमधून आलेले. तुमच्या पॅकहाउसवाल्याला मुळात भेट कोण देतं? आयआयटीवाल्याचा वर्गमित्र फंडात असतो, त्याचा एक मेसेज पुरतो.

चाळणीवाला
शेवटचं वाक्य खरं आहे, दुर्दैवाने. ओळखीने आलेला डेक आधी उघडला जातो. पण फ्लिपकार्टचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय भाऊ. ऑनलाइन पुस्तकं विकणारे दोघे ॲमेझॉनमधून आले, म्हणजे तो लोगो नव्हे, त्याच धंद्यातला अनुभव आहे. शिवाय कंपनी २००७ची आणि ॲक्सेल या फंडाचा पैसा आला २००९मध्ये. मधली दोन वर्षं त्यांनी पुस्तकं विकून दाखवली.

व्हॅल्युएशनभाऊ
मग एअरबीएनबी? दोघे डिझायनर, तिसरा प्रोग्रॅमर. हॉटेलच्या धंद्यातला एकही नाही. त्यांनी बायोत काय लिहायचं, "आमच्या घरी पाहुणे येतात"?

चाळणीवाला
थट्टेत का होईना, बरोबर तेच. भाडं परवडेना म्हणून त्यांनी स्वतःच्याच घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. २००८च्या निवडणुकीत ओबामा आणि मॅकेनच्या नावाचे नाश्त्याच्या सीरियलचे खोके विकून कंपनी तगवली. धंद्यातला अनुभव नव्हता, पण चिकाटीचा पुरावा होता. मात्र सगळ्यांना हा मार्ग लागू पडेल असं मी म्हणणार नाही. औषधं किंवा कर्जवाटपाच्या धंद्यात "आम्ही चिवट आहोत" एवढ्यावर कोणी चेक फाडत नाही.

लघुउद्योग_सातारा
माफ करा, मधेच विचारतो. बायोमध्ये जन्मतारीख आणि वडिलांचा व्यवसाय कुठे लिहायचा? बँकेने मुद्रा कर्जाला बायोडेटा मागितलाय.

चाळणीवाला
दादा, ते प्रकरण वेगळं. बँक परतफेड बघते. तिचा छापील फॉर्म भरा, इथलं काही मनावर घेऊ नका.

पोळलेली_पुणेकर
लोगोंचं राहू द्या, सल्लागारांवर कोणी बोलणार आहे का? शिलेदारांसारख्याच एका महाभागाचं ऐकून मी एका निवृत्त साहेबांचा फोटो टाकला. बदल्यात एक टक्का शेअर, तोही सही केली त्याच दिवशी. नंतर साहेब फोन उचलीनात. पुढे एका फंडाने मला न सांगता त्यांनाच फोन लावला. साहेब म्हणाले, "हो हो, ती मुलगी, कपड्यांचं काहीतरी करते." माझी कंपनी सांडपाण्याची आहे!

निवृत्त_पण_सक्रिय
सगळ्यांना एकाच पारड्यात तोलू नका, बाई. मी स्वतः तीन कंपन्यांचा सल्लागार आहे. एका पोराने तर न विचारता माझा फोटो छापला, आणि मला ते त्याच्या गुंतवणूकदाराकडून कळलं. फुकट चहा पाजून लोक आमची तीस वर्षांची पुण्याई स्लाइडवर लावतात.

पोळलेली_पुणेकर
चहा नव्हे, एक टक्का दिलाय. आणि मला बाई म्हणू नका.

निवृत्त_पण_सक्रिय
बरं, मॅडम. करार न वाचता सही कोणी केली, मी?

चाळणीवाला
भांडण थांबवा. सल्लागाराचे शेअर एकदम द्यायचेच नसतात. दोन वर्षांत महिन्या-महिन्याने मिळतील असं लिहायचं, म्हणजे काम थांबलं की वाटाही थांबतो. फोटोला लेखी होकार घ्यायचा. आणि सल्लागार टीमच्या ओळीत नाहीत, खाली बारीक अक्षरात. वर बसवले की वाचणाऱ्याला वाटतं, पूर्णवेळ माणसं कमी पडली म्हणून पाहुणे बोलावलेत. रक्ततपासणीचं यंत्र विकणाऱ्या अमेरिकेतल्या थेरानोसच्या संचालक मंडळावर किसिंजर आणि शुल्ट्झ असे माजी परराष्ट्रमंत्री होते, रक्ततपासणी समजणारं जवळपास कोणी नव्हतं. पुढे यंत्राचे दावे खोटे निघाले आणि कंपनी बुडाली.

निवृत्त_पण_सक्रिय
म्हणजे आमची किंमत बारीक अक्षरांएवढी. छान.

दिंडोरीकर
आमच्या तालुक्यात सह्याद्री फार्म्समध्ये २०२२ला युरोपातल्या गुंतवणूकदारांचा पैसा आला. तो लोगो बघून आला नाही. शेतकऱ्यांची कंपनी वर्षानुवर्षं चालवून दाखवली म्हणून आला.

व्हॅल्युएशनभाऊ
ती चालू कंपनी होती हो. इथे सुरुवातीची गोष्ट चाललीय, जेव्हा दाखवायला बायोशिवाय काही नसतं.

स्टार्टअप_शिलेदार
एवढा राडा होईल वाटलं नव्हतं. ठीक, लोगोखाली "काय काम केलं" याची एक ओळ टाकायला सांगेन. सल्लागारही खाली. पण लोगो काढणार नाही, कारण माझ्या दोन क्लायंटना भेट लोगोमुळेच मिळाली.

चाळणीवाला
काढा म्हणालोच नाही. ज्या कंपनीत खरंच काम केलंय तिचा ठेवा. आणि एक सांगा, भेट मिळाली, पैसे मिळाले का?

स्टार्टअप_शिलेदार
बोलणी सुरू आहेत.

पोळलेली_पुणेकर
माझीही त्या साहेबांशी सुरूच आहेत, शेअर परत घ्यायला. इथे कोणी कंपनी सेक्रेटरी आहे का?