मदत हवी आहे: इमर्जन्सी अ‍ॅडमिशन, नेटवर्क हॉस्पिटल, तरी कॅशलेस नाकारलं (कोथरूड)

मामांना हार्ट अटॅक आल्यामुळे तातडीने अँजिओप्लास्टी झाली. टीपीएने कॅशलेस नाकारताना कारण दिलंय: 'बीपीचा जुना त्रास पॉलिसी घेताना सांगितला नव्हता.' हे कॅज्युअल्टीतल्या केस पेपरवरच्या 'बीपी १० वर्षे' या नोंदीवरून आलंय. घाईत कोणीतरी अंदाजाने सांगितलेलं. प्रत्यक्षात गोळ्या ३ वर्षांपासून चालू आहेत आणि पॉलिसी सलग ६ वर्षांची आहे. सलग ६० महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, मग हा नकार टिकतो कसा?

नकार लेखी घेतलाय. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं खुलाशाचं पत्र, पहिलं प्रिस्क्रिप्शन आणि सगळ्या वर्षांच्या पॉलिसी जोडून फेरविचार मागायचाय. इन्शुरन्स डेस्क म्हणतं, एकदा नकार आला की फाईल पुन्हा पाठवता येत नाही.

डिस्चार्ज परवा आहे. अशी फाईल कोणी पुन्हा उघडून घेतली आहे का? कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला थेट मेल करावा, की बीमा भरोसावर तक्रारही लगेच टाकावी? पैसे भरून रीइम्बर्समेंट मागता येईल हे माहीत आहे, पण एवढी रक्कम परवापर्यंत उभी करणं खरंच कठीण आहे.