मदत हवी आहे: रात्री लाइन जाते, बाबांचं सीपॅप मशीन कशावर चालवावं?

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. बाबा ५६ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. घोरता घोरता त्यांचा श्वास थांबतो, मग एकदम धाप लागल्यासारखा सुरू होतो. दिवसा ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या डुलकी लागते, कापसाच्या वजनाचा साधा हिशोबही चुकतो. नागपूरला झोपेची तपासणी केली. तासाला ३८ वेळा श्वास अडतो आणि ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरतो. डॉक्टर म्हणाले, दर वेळी मेंदू अर्धवट जागा होतो, म्हणून आठ तास झोपूनही झोप पुरत नाही. शिवाय श्वास अडला की बीपी चढतं, त्यानं लकव्याचा धोका वाढतो. मला हीच जास्त काळजी आहे.

झोपेत मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं हे सीपॅप मशीन लावलं की बाबा सकाळी ताजे असतात. पण मध्यरात्री लाइन गेली की मशीन बंद पडतं, ते मास्क काढून ठेवतात आणि परत तेच. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते म्हणे. इन्व्हर्टरवर मशीन चालवणारं कोणी आहे का? साधा स्क्वेअर वेव्ह चालतो, की साइन वेव्हच घ्यावा? रात्रभरासाठी किती एएचची बॅटरी पुरते? तोवर ट्रॅक्टर मीच चालवतो आहे.